‘थोडं घ्या ना’ इंग्रजीत सांगताना

साताऱ्यात ओळखीच्या एका घरी लग्न ठरलं. नवरा मुलगा इंग्लंडचा. त्याचे आईवडील आणि बहीण पहिल्यांदाच व्याह्यांकडे जेवायला येणार होते. मुलीच्या आईला मी लहानपणापासून काकू म्हणते. एरवी मी परिषदांमध्ये आणि शेतीच्या बैठकांमध्ये इंग्रजी-मराठी दुभाषाचं काम करते, म्हणून काकूंनी मला त्या जेवणाला बोलावलं. मी म्हटलं, “काकू, तुमची लेक इतकं छान इंग्रजी बोलते, ती आहे की.” त्यावर त्या म्हणाल्या, “अगं, ती नवरी मुलगी. ‘आई म्हणते अजून घ्या’ असं तिनं सासूला सांगायचं, आणि सासू नको म्हणाली की ते मला येऊन सांगायचं? दोन्हीकडून तिचीच ओढाताण.” त्यांचं म्हणणं मला पटलं. दोन्ही घरांशी जिचं नातं जुळायचं आहे तिनं मध्ये बसू नये, हे काकूंना बरोबर कळलं होतं.

बैठकीत दुभाष्याचं काम सरळ असतं. किती एकर, कोणतं वाण, पाणी कधी दिलं, हे जसंच्या तसं पलीकडे पोचवायचं. पंगतीत वाढणारी बाई जे बोलते त्यात माहिती फारशी नसते. ‘थोडं घ्या ना’ या वाक्यात खरं सांगणं असतं ते ‘तुम्ही आलात, आम्हाला आनंद झाला’ हे. आणि त्याला मिळणारं पहिलं ‘नको’ आपल्याकडे कुणी मोजत नाही. पाहुणा लगेच हो म्हणाला तर हावरट दिसेल म्हणून तो नको म्हणतो, आणि यजमान एकदाच विचारून थांबला तर ते वरवरचं वाटेल म्हणून पुन्हा विचारतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आवाजावरून, हातावरून, चेहऱ्यावरून खरं काय ते कळतं. इंग्रजी घरात वाढलेल्या माणसासाठी मात्र पहिलं ‘नो, थँक यू’ हेच उत्तर. पुन्हा विचारलं म्हणजे आपलं ऐकलं नाही, तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे आपल्यावर दडपण आणतायत.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोन भाषाअभ्यासकांनी १९७८ मध्ये सौजन्याची जी मांडणी केली, तिचा मला या कामात फार उपयोग झाला. माणसाला दोन गोष्टी हव्या असतात, असं ते सांगतात: आपण लोकांना हवेसे वाटावं, आणि आपल्याला कुणी अडवू नये, भरीस घालू नये. मराठी आग्रह पहिली गरज भागवतो, इंग्रजी सौजन्य दुसरी जपतं. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या होत्या. शिवाय समोर व्याही. आपल्याकडे विहीणबाईंना केलेला आग्रह म्हणजे आग्रहाचा कळस, त्यात कमी पडलं तर वर्षानुवर्षं बोललं जातं.

आदल्या दिवशी मी पाहुण्यांना हॉटेलवर भेटले. फार काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण नियमांची यादी डोक्यात घेऊन जेवायला बसलेला माणूस नीट जेवत नाही. पहिली गोष्ट सांगितली ती अशी की काकू तुमच्याबरोबर बसणार नाहीत, त्या वाढतील. इंग्रजी रीतीत यजमानीण बसेपर्यंत पाहुणे घास उचलत नाहीत. हे आधी सांगितलं नसतं तर वरणभात गार होईपर्यंत तिघंही हात आवरून बसले असते, आणि जेवण पसंत नाही की काय म्हणून काकूंचा जीव खालीवर झाला असता. दुसरी गोष्ट, नको असेल तर ताटावर हात आडवा धरा. हे त्यांना लगेच समजलं, कारण वाइन नको असली की तेही ग्लासवर असाच हात ठेवतात. तिसरी गोष्ट ताकभाताची. ती पुढे सविस्तर सांगते, कारण सगळं जेवण शेवटी तिच्यावरच तरून गेलं.

मुलाच्या बहिणीला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. हे काकूंना लेकीनं कळवलं होतं, पण ज्या शब्दांत कळवलं होतं त्यांची मला काळजी वाटली. “तिला दाणे चालत नाहीत” असा तो निरोप होता. आपल्याकडे ‘चालत नाही’ हे अनेक अर्थांनी म्हणतात. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला चहात साखर जास्त चालत नाही, आणि अशा माणसाला “अहो, एवढ्यानं काही होत नाही” म्हणून वाढणारं कुणीतरी पंगतीत असतंच. म्हणून मी काकूंकडे जाऊन वेगळ्या शब्दांत सांगितलं: दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजू शकतो, श्वास अडकू शकतो, दवाखान्यात न्यावं लागेल. काकू चपापल्या. अळूच्या भाजीत दाणे, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, आणि तळणीचं तेलही शेंगदाण्याचं. त्यांनी तेल बदललं, अळूत फक्त चणाडाळ घातली, कोशिंबिरीला ओलं खोबरं लावलं. मिक्सरच्या ज्या भांड्यात कूट केलं होतं ते बाजूला काढून ठेवलं आणि पुरण पुरणयंत्रातूनच काढलं. वाढायला मदत करणाऱ्या आत्यांनाही मी तेच, त्याच शब्दांत सांगितलं. आग्रह करणाऱ्या प्रत्येक माणसापर्यंत हे पोचायला हवं, कारण धोका स्वयंपाकापेक्षा वाढण्यात जास्त असतो. ऐन वेळी कुणीतरी प्रेमानं दाण्याची चटणी आणून ताटात ठेवतं. या ‘नको’चं भाषांतर गोड करायचं नसतं, ते जितकं कडक तितकं बरं.

दुसऱ्या दिवशी ताटं मांडली होती ती रीतसर. वर मीठ-लिंबू, डाव्या बाजूला कोशिंबीर आणि चटणी, उजवीकडे बटाट्याची भाजी आणि अळू, मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. कटाची आमटी वाटीत. पुरणपोळ्या तव्यावरून थेट ताटात यायच्या होत्या.

बसल्याबसल्या काका म्हणाले, “आमच्याकडचं साधंच आहे, गोड मानून घ्या.” मी इंग्रजीत एवढंच म्हटलं की, घरचं साधं जेवण आहे, तुम्हाला आवडेल अशी आशा आहे. विहीणबाई लगेच म्हणाल्या की हे साधं कुठे, हे तर सणाचं दिसतंय. हवं होतं ते उत्तर आपसूक आलं. यजमानानं स्वतःकडे कमीपणा घ्यायचा आणि पाहुण्यानं तो नाकारायचा, हे इंग्रजीतही चालतं, म्हणून इथे वेगळं काही करावं लागत नाही.

पुढचं वाक्य काकूंचं होतं: “सावकाश जेवा.” हे शब्दशः सांगितलं तर इंग्रजी कानाला ते टोचतं, जणू तुम्ही फार भरभर खाताय असं कुणी सुनावलं. मी सांगितलं, ‘टेक युअर टाइम, देअर्स नो हरी’. लगोलग काकू म्हणाल्या, “संकोच करू नका हं.” याला इंग्रजीत सहज सुचणारं वाक्य म्हणजे ‘हेल्प युअरसेल्फ’, पण मी ते मुद्दाम टाळलं. ते ऐकून पाहुणा हात पुढे करून भांड्यातून स्वतःच वाढून घेईल, आणि त्याचा तो हात खरकटा असेल. आपल्या घरात मग ते भांडंच खरकटं झालं. मी म्हटलं, काहीही हवं असेल तर नुसतं सांगा, सगळं इथे तयार आहे. घ्यायचा मोकळेपणा पाहुण्याला मिळाला, पण डाव काकूंच्याच हाती राहिला.

पहिली पुरणपोळी संपली आणि खरं काम सुरू झालं. काकूंनी दुसरी आणली. “घ्या विहीणबाई, गरम आहे.” मी विचारणं म्हणून सांगितलं: अजून एक आवडेल का? त्या म्हणाल्या, “नो, थँक यू, आय ॲम फाइन.” आता गंमत अशी की मध्ये माणूस नसता तर काकूंच्या कानावर फक्त ‘थँक यू’ पडलं असतं, आणि आपल्याकडे थँक यू म्हणजे दिलेलं पावलं असा अर्थ. पोळी ताटात गेली असती. आणि ‘आय ॲम फाइन’चं ‘मी ठीक आहे’ केलं तर काकूंना वाटलं असतं की यांची तब्येत बिघडली होती की काय. मी मराठीत म्हटलं, “नको काकू, पोट भरत आलंय.” ‘विहीणबाई’ म्हणून हाक मारली गेली की उत्तरातही नातं यावं लागतं, नाहीतर ‘नको’ कोरडं पडतं. इंग्रजीत ते काम ‘थँक यू’ करतं, मराठीत ‘काकू’ हा शब्द करतो.

अपेक्षेप्रमाणे काकू तिथे थांबल्या नाहीत. “अहो, काहीच घेतलं नाहीत तुम्ही!” हे वाक्य आहे तसं इंग्रजीत नेलं तर ती तक्रार होते. पाहुणा आपला बचाव करायला लागतो, मी भात खाल्ला, भाजी खाल्ली, एक पोळी खाल्ली, असा हिशेब द्यायला लागतो. मी ते ‘आय वुड लव्ह यू टु हॅव अ बिट मोअर’ असं सांगितलं. विहीणबाईंनी पुन्हा हसून नको म्हटलं, पण आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता.

आमच्या कामाचा एक नियम आहे. दुभाषी ज्याचं बोलणं सांगतो त्याच्या ‘मी’नं बोलतो, ‘त्या म्हणतात की’ असं म्हणत नाही. आणि स्वतःचं काही सांगायचं झालं तर आता मी माझं बोलतेय हे दोन्ही बाजूंना कळू द्यायचं. मी काकूंना म्हटलं, “मी त्यांना जरा आपली पद्धत सांगते.” मग विहीणबाईंना सांगितलं की हे माझं स्वतःचं आहे: हा दुसरा आग्रह, त्यात नाराजी नाही, तुमचं नको अजूनही चालतं. तिसऱ्यांदा विचारलं तर नुसतं नको न म्हणता थोडंसं घ्या, म्हणजे दोघींचंही समाधान होईल. हे इतकं उघड करणं मला योग्य वाटतं. दुभाष्यानं तिसरा आग्रह गुपचूप गिळून टाकला तर घरात काय घडतंय याचा पाहुण्याला पत्ता लागत नाही, आणि काकूंनाही आपला आग्रह पोचलाच नाही असं वाटत राहतं.

थोडंसं म्हणजे किती, हा मोठा प्रश्न. इंग्रजी ‘जस्ट अ टाइनी बिट’ मराठीत ‘अगदी थोडं’ झालं की ताटात येते अख्खी पोळी, कारण वाढणाऱ्याचं थोडं वेगळं असतं. म्हणून माप सांगावं लागतं. काकू तिसऱ्यांदा आल्या, “माझ्यासाठी एक!” हे वाक्य मात्र इंग्रजीत जसंच्या तसं नेता येतं, ‘जस्ट वन, फॉर मी’. तिथल्या आज्याही नातवंडांना असंच म्हणतात. विहीणबाई म्हणाल्या, अगदी थोडी. मी म्हटलं, “चतकोर, काकू.” काकूंनी पोळीचा चौथा हिस्सा तोडला, त्यावर तुपाची धार सोडली आणि त्यांचा चेहरा उजळला. चतकोरवर कुणी वाद घालत नाही. भाताला ‘एक घास’, आमटीला ‘अर्धी वाटी’, गोडाला ‘नखभर’. अशी मापं आपल्या भाषेत तयार आहेत आणि वाढणारी बाई ती पाळते.

तिकडे व्याहीबुवांचं वेगळंच चाललं होतं. ताटात काही टाकायचं नाही हे त्यांच्या घरीही शिकवलेलं, त्यामुळे ते प्रत्येक पदार्थ संपवत होते. आणि आपल्याकडे वाटी रिकामी दिसली की भरायची. ते संपवत गेले, आत्या वाढत गेल्या. वर त्यांनी कौतुक केलं, ही हिरवी भाजी फार सुंदर आहे. कौतुक हा मराठी पंगतीत वाढण्याचा हुकूमच असतो, अळूची दुसरी वाटी आली. दोन्ही बाजू अतिशय सौजन्यानं वागत होत्या आणि माणूस घामाघूम झाला होता. हे ओळखायची खूण म्हणजे पाहुण्याचा वेग. घास लहान होतात, पाण्याचा पेला वारंवार उचलला जातो, हसू तेवढंच राहतं पण बोलणं थांबतं. मी त्यांना हळूच सांगितलं की वाटीत थोडी भाजी शिल्लक असू द्या, शेवटच्या भातापर्यंत संपवू नका, आणि बाकीचं कौतुक हात धुतल्यावर करा. तेवढ्यानं आत्या थांबल्या. मधेच ते एकदा आत्यांना ‘मेबी लेटर’ म्हणाले होते. तेही मी ‘नंतर’ असं सांगितलं नाही, कारण आत्यांनी ‘नंतर’ लक्षात ठेवून खरोखरच दहा मिनिटांनी पोळी आणली असती. इंग्रजीत ते नाही म्हणण्याचंच एक मवाळ रूप आहे, म्हणून मी “आता पुरे” असं सांगितलं.

काकूंचं शेवटचं अस्त्र राहिलं होतं. “तुम्हाला आवडलेलं दिसत नाही.” हे जसंच्या तसं सांगितलं असतं तर विहीणबाईंना अपराधी वाटलं असतं, आणि त्यांनी पोट फुटेस्तोवर आणखी खाल्लं असतं. या वाक्याला उत्तर म्हणून खाणं लागत नाही, शब्द लागतात. मी विचारलं, तुम्हाला सगळं आवडतंय ना? विहीणबाई भरभरून बोलल्या, पुरणातली वेलची, आमटीचा आंबटगोडपणा, सगळं त्यांनी टिपलं होतं. मी ते पदार्थागणिक मराठीत सांगितलं, काही गाळलं नाही, कारण ‘सगळं छान आहे’ याला काकूंच्या लेखी किंमत नसते. पण कौतुकानं पुन्हा पोळी येऊ नये म्हणून ते संपतासंपता मी विहीणबाईंना खूण केली, आणि त्यांनी आदल्या दिवशी पाठ केलेला शब्द उच्चारला: “ताकभात.”

आपलं जेवण भातानं सुरू होतं आणि ताकभातानं संपतं. नको म्हणण्यानं जेवण संपत नाही, कारण नकोला उत्तर असतं. ताकभात मागितला की यजमानाला नकार मिळत नाही, मागणी मिळते, आणि ती पुरवून झाली की पुढे वाढायला काही उरत नाही. आग्रह आपोआप मिटतो. घरच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, त्याचा हात आपसूक ताकाच्या भांड्याकडे जातो. बाहेरच्या माणसाला ही वाट कुणी दाखवत नाही, म्हणून तो ‘नको’चीच धार वाढवत बसतो आणि शेवटी उद्धट दिसतो. काकूंनी शब्द ऐकला, क्षणभर थबकल्या, मग आत्यांकडे वळून म्हणाल्या, “अहो, भात आणा, मागचा भात आणा, विहीणबाईंनी मागितलाय!” मुलाच्या बहिणीनं, वडिलांनी, सगळ्यांनीच मग तोच शब्द धरला. पोळ्यांचा डबा आत गेला.

निघताना “बसा हो, एवढी काय घाई” झालं, “पुन्हा या” झालं. यातलं पहिलं मी फक्त एकदाच सांगितलं आणि पुढची ‘बसा’ दारापर्यंतच्या पावलांत मुरू दिली, कारण तोवर पाहुण्यांनाच ती कळायला लागली होती.

पाहुणे गेल्यावर मी काकूंशी उलट बाजूनं बोलले, ते त्यांना जास्त गरजेचं होतं. लग्नानंतर काका-काकू इंग्लंडला जाणार होते. मी म्हटलं, काकू, तिथे तुमच्या विहीणबाई एकदाच विचारतील. तुम्ही सवयीनं नको म्हणालात तर त्या तुमचा मान ठेवून भांडं उचलून नेतील, आणि तुम्ही अर्धपोटी राहाल. तेव्हा पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं. काकूंना ते जड गेलं. “पहिल्याच फेरीला हात पुढे करायचा? काय म्हणतील मला?” मी सांगितलं, म्हणतील की जेवण आवडलं. तिथे दुसऱ्यांदा मागून घेणं हे कौतुकच असतं, आणि मागितलं तर त्यांना आनंदच होईल.

काका इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे तिकडे हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको.” मी म्हटलं, हो काका, जेवताना तरी. मग काकूंनी मला इंग्रजीत ‘येस प्लीज, अ लिटल मोअर’ हे वाक्य चार-पाचदा म्हणून दाखवायला लावलं, आणि स्वतः म्हणताना ‘अ लिटल’वर जोर दिला.